हो, नाही, नाही, आणि एक थांबा

पुणे जिल्ह्याच्या नकाशाचं आग्नेय टोक पाहिलं, तर इंदापूर तालुका निमुळता होत जिथे संपतो तिथे नीरा आणि भीमा एकमेकींना भेटतात. त्या संगमावर नरसिंहपूर आहे. लक्ष्मी-नृसिंहाचं देऊळ, नदीकडे उतरणारा घाट, आणि पाण्यापलीकडे सोलापूर जिल्हा. इथून पुढे भीमा पंढरपूरला जाते आणि तिथे तिला चंद्रभागा म्हणतात. एकाच पाण्याला दोन नावं पडतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. मला मात्र एकाच नावाच्या दोन लेखनांनी पुरतं दमवलं. ही पुस्तिका त्या दमण्यातून आली.

काही वर्षांपूर्वी या परिसराची माहिती सांगणारा एक मजकूर माझ्याकडे शुद्धलेखन तपासायला आला. तो चार-पाच जणांनी लिहिला होता, त्यामुळे नदीचं नाव कुठे ‘नीरा’ होतं, कुठे ‘निरा’. एका लेखात तर दोन्ही होती, एकाच परिच्छेदात. ‘नीरा’ ठेवायचं असं ठरलं. मजकूर मी विममध्ये उघडला होता. विम म्हणजे माउसला हात न लावता, आज्ञा देऊन चालवायचा संपादक. त्यात सगळीकडे एकदम बदल करायची आज्ञा एका ओळीची आहे:

```
:%s/निरा/नीरा/g
```

`%` म्हणजे सगळी फाइल, `s` म्हणजे बदल, पहिल्या दोन तिरप्या रेघांमध्ये शोधायचं ते, पुढे त्याजागी घालायचं ते, आणि शेवटचा `g` म्हणजे ओळीत जितक्या वेळा सापडेल तितक्या वेळा. मी एंटर दाबलं. खाली आकडा आला, मोठा होता, समाधान वाटलं. दोन दिवसांनी पानं वाचताना ‘संजय गांधी नीराधार अनुदान योजना’ दिसली. मग ‘नीराळा’. मग ‘तक्रारींचे नीराकरण’. मग ‘गावकऱ्यांची नीराशा’. माझी निराशा तेव्हा सुरू झाली.

हे छापून गेलं नाही, एवढंच नशीब. पण चूक कुठली होती, ते नीट पाहायला हवं. यंत्राने सांगितलं ते केलं. ‘निरा’ ही दोन अक्षरं त्याला जिथे दिसली, तिथे ती बदलली. ‘निराधार’च्या सुरुवातीला ती आहेतच. आज्ञेच्या शेवटी मी आणखी एक अक्षर लिहिलं असतं, तर हे झालं नसतं:

```
:%s/निरा/नीरा/gc
```

हा `c` म्हणजे विचारून बदल करण्याची सूचना. विम पहिल्या जुळणीवर जातो, ती रंगवून दाखवतो आणि पडद्याच्या तळाशी प्रश्न विचारतो:

```
replace with नीरा (y/n/a/q/l/^E/^Y)?
```

अलीकडच्या आवृत्त्यांत याच अक्षरांची पूर्ण रूपं लिहिलेली दिसतात, अर्थ तोच. `y` म्हणजे हो, बदल. `n` म्हणजे हे राहू दे, पुढच्यावर जा. `q` किंवा एस्केप म्हणजे इथेच थांब. `l` म्हणजे हे एवढं बदल आणि मग थांब. `a` म्हणजे हे आणि यापुढची सगळी न विचारता बदल. कंट्रोल-ई आणि कंट्रोल-वाय यांनी काही बदलत नाही, फक्त पडदा वर-खाली सरकतो, म्हणजे वाक्याचा मागचा-पुढचा संदर्भ वाचता येतो. सबंध पुस्तिका एवढ्याच कळांबद्दल आहे. इतक्या लहान गोष्टीवर पुस्तिका कशाला, असं विचारणाऱ्याने मराठीचं संपादन केलेलं नसतं.

या आज्ञेचं घराणं जुनं आहे. केन थॉम्प्सन यांच्या एड या संपादकात `s` ही बदलाची आज्ञा होती. बर्कलीत बिल जॉय यांनी एक्स आणि व्हीआय रचले. एक्समध्ये ‘विचारून बदल’ करायचं, तेव्हा ती सबंध ओळ छापली जायची आणि जुळलेल्या अक्षरांच्या खाली `^^^^` अशा टोप्या उमटायच्या. वापरणाऱ्याने `y` लिहायचं, नाहीतर पुढे जायचं. ब्राम मूलेनार यांनी १९९१ साली विम प्रसिद्ध केला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये निधन होईपर्यंत तो वाढवला. त्यांच्या विममध्ये त्या टोप्यांची जागा रंगाने घेतली आणि उत्तरांची संख्या वाढली. ही सगळी माणसं इंग्रजी मजकूर आणि प्रोग्रॅम डोळ्यांसमोर ठेवून काम करत होती. त्यांच्याकडे या कळेची गरज अधूनमधून लागते. आपल्याकडे ती जवळजवळ रोजची आहे, आणि त्याचं कारण आपल्या व्याकरणात आहे.

इंग्रजी वापरणारा माणूस ‘निराधार’सारखी अडचण आली की लगेच सांगेल, शब्दाच्या कडा बांधून घ्या. विममध्ये त्यासाठी खुणा आहेत: `\<` म्हणजे शब्दाची सुरुवात, `\>` म्हणजे शेवट.

```
:%s/\<निरा\>/नीरा/g
```

देवनागरीवर या खुणा व्यवस्थित चालतात. ‘निराधार’, ‘निराळा’, ‘निराशा’ सगळे वाचतात, कारण तिथे ‘रा’नंतर शब्द संपत नाही. मीही दुसऱ्या वेळी हेच केलं आणि सुटलो असं मानलं. पण मराठीत नदी कर्ता म्हणून फारशी येत नाही. माणसं निरेला जातात, निरेच्या काठी राहतात, निरेत पोहतात, निरेवर पूल बांधतात. तिथे ‘निरा’ नाहीच. आणि जिथे ‘निरा’ आहे, तिथे तिला पुढचा शब्द चिकटलेला असतो: निराकाठ, निराखोरे. कडा बांधलेल्या आज्ञेला यातलं एकही दिसत नाही. ती गप्प राहते, आणि हा गप्पपणा पहिल्या चुकीपेक्षा वाईट. ‘नीराधार’ निदान डोळ्यांत खुपतो. न बदललेलं ‘निराकाठी’ कुणाला खुपत नाही, कारण ते आधीपासूनच तसं होतं.

म्हणून या पुस्तिकेची भूमिका मी इथेच सांगून टाकतो. मराठीत शोधायचा नमुना इतका घट्ट करू नका की तो कधीच चुकणार नाही. तसा नमुना खऱ्या जागाही सोडतो, आणि सोडलेलं तुम्हाला सांगत नाही. नमुना सैल ठेवा, चार जास्तीची उत्तरं येऊ द्या, आणि निवड `c`वर सोपवा. जास्तीच्या जुळणीला एक `n` पुरतो. सुटलेल्या जुळणीला काहीच पुरत नाही, कारण ती समोर येतच नाही. याला अपवाद आहेत, ते पुढे येतील, पण नियम हा.

आता प्रत्यक्ष पाहू. खालच्या ओळी मी त्या मजकुरातून घेऊन लहान केल्या आहेत.

```
निरा आणि भीमा यांचा संगम नरसिंहपूर येथे आहे.
निरेच्या काठावरून देवळाकडे जाता येते.
संजय गांधी निराधार योजनेची यादी पुढे दिली आहे.
सांगली जिल्ह्यातले कोळे नरसिंहपूर निराळे, ते कृष्णाकाठी.
फाट्यावरच्या पाटीवर ‘निरा नरसिंहपूर’ असे लिहिले आहे.
```

बदलाच्या आधी मोजणी करायची. `c` ऐवजी `n` लिहिलं की विम काहीही न बदलता फक्त मोजतो:

```
:%s/निरा//gn
4 matches on 4 lines
```

चार जुळण्या, चार ओळींवर. (इथला `n` म्हणजे मोजणी, प्रश्नाला द्यायचा `n` म्हणजे नाही. अक्षर एक, कामं दोन. नवशिक्याचा इथे हमखास गोंधळ होतो.) हा आकडा कागदावर लिहून ठेवा. का, ते थोड्या वेळात कळेल.

आता `:%s/निरा/नीरा/gc`. पहिला थांबा पहिल्या ओळीवर, नदी आहे, `y`. दुसऱ्या ओळीवर विम थांबतच नाही, कारण तिथे ‘निरे’ आहे. तिच्यासाठी वेगळी फेरी लागेल. तिसऱ्या ओळीवर ‘निराधार’, `n`. चौथीवर ‘निराळे’, `n`. पाचवीवर पाटी. तिथे माझा हात थांबला. ते वाक्य आपलं नाही, पाटीवर काय लिहिलंय ते सांगणारं आहे. पाटीवर खरंच ऱ्हस्व ‘नि’ असेल, तर अवतरणचिन्हांतलं बदलायचा मला अधिकार नाही. मी `q` दाबलं.

`q`ने आधी केलेले बदल पुसले जात नाहीत. पहिल्या ओळीचा ‘नीरा’ कायम राहिला आणि कर्सर पाचव्या ओळीवर थांबला. पुढे जेव्हा काम सुरू करायचं असेल, तेव्हा सबंध आज्ञा पुन्हा लिहावी लागत नाही:

```
:.,$&&
```

`.,$` म्हणजे या ओळीपासून शेवटपर्यंत, आणि `&&` म्हणजे मागचाच नमुना, मागचाच पर्याय, मागच्याच सूचना. `c` त्यात आला. एक लक्षात ठेवा, ही आज्ञा ओळीच्या सुरुवातीपासून पाहते. त्याच ओळीत आधी तुम्ही ‘नाही’ म्हटलेलं काही असेल, तर ते पुन्हा विचारलं जाईल.

आता त्या लिहून ठेवलेल्या आकड्याचा उपयोग. एक `y` झाला. पुन्हा मोजणी केली, तर तीन यायला हवेत, आणि येतात: ‘निराधार’, ‘निराळे’ आणि पाटी. चार उणे एक तीन. मोठ्या फाइलीत तुम्ही `y` किती वेळा दाबलं ते आठवत नाही. पण उरलेल्यांची यादी पाहता येते आणि तीत एकही नदी नसावी. उलट बाजूने तपासायचं, तर ‘नीरा’ला पुढे अक्षर चिकटलं आहे अशा ओळी काढायच्या:

```
:g/नीरा\k/#
```

`\k` म्हणजे शब्दात बसणारं कुठलंही अक्षर, आणि `#`मुळे ओळींचे क्रमांकही दिसतात. या यादीत ‘नीराकाठी’ चालेल, ‘नीराधार’ दिसला तर घाईत कुठेतरी `y` दाबलं गेलं. माझ्या पहिल्या वेळी ही एक ओळ मला माहीत असती, तर दोन दिवस वाचले असते.

विम स्वतः शेवटी बदलांची संख्या सांगतो, त्यावर फार विसंबू नका. दोन किंवा त्याहून कमी बदल असतील तर मुळात तो काही बोलत नाही. `report` या पर्यायाचं मूळ मूल्य दोन असल्यामुळे असं होतं. `:set report=0` केलं की एका बदलाचीही नोंद दिसते.

मग ‘निरे’ची फेरी:

```
:%s/निरे/नीरे/gc
```

एकच थांबा, ‘निरेच्या’, `y`. ‘निरा’ आणि ‘निरे’ एकाच नमुन्यात घालायचा मोह होतो. विममध्ये ते शक्यही आहे, पण मग बदललेलं रूप प्रत्येक वेळी वेगळं हवं, आणि आज्ञा इतकी गुंतते की ती तपासायलाच एक फेरी लागते. दोन साध्या आज्ञा द्याव्यात. एक पैसा लागत नाही.

नदीचं झालं, आता गावाचं. या मजकुरात नुसतं ‘नरसिंहपूर’ असेल तिथे ‘नीरा नरसिंहपूर’ लिहावं, असं पुढे ठरलं. कारण नरसिंहपूर एक नाही. सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यात कृष्णेकाठी कोळे नरसिंहपूर आहे, तिथेही नृसिंहच. मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात त्याच नावाचा सबंध जिल्हा आहे. ठीक, आज्ञा अशी:

```
:%s/नरसिंहपूर/नीरा &/gc
```

बदलाच्या भागातला `&` म्हणजे ‘जे सापडलं ते’, म्हणजे नाव पुन्हा लिहायला नको. इथे न विचारता बदल केला असता तर काय झालं असतं, ते डोळ्यांसमोर आणा. ‘कोळे नीरा नरसिंहपूर’ झालं असतं, म्हणजे कृष्णेवरचं गाव उचलून नीरेवर. आणि जिथे आधीच पूर्ण नाव होतं, तिथे ‘नीरा नीरा नरसिंहपूर’. ही दुसरी चूक मी इतरांच्या मजकुरांतही पाहिली आहे. नावापुढे काहीतरी जोडणारा प्रत्येक बदल आधीपासून जोडलेल्या ठिकाणी दुसऱ्यांदा जोडतो, आणि आज्ञा चुकून दोनदा दिली गेली तर तिसऱ्यांदाही. म्हणून जोडण्याचा बदल असेल, तेव्हा `c` सक्तीचा, असं मी मानतो. काढून टाकण्याच्या बदलात थोडी सूट चालते.

‘नरसिंहपूर’चा दुसरा त्रास ऱ्हस्व-दीर्घाचा. ‘पूर’ला प्रत्यय लागला की ‘पुरात’ होतं: नरसिंहपूर, पण नरसिंहपुरात. म्हणजे वरच्या आज्ञेला ‘नरसिंहपुरात’ दिसत नाही. मग मी हुशारी केली, नमुना ‘प’पर्यंतच लिहिला, `नरसिंहप`, म्हणजे पू असो की पु, दोन्ही सापडतील. एकही सापडलं नाही. विम मला म्हणाला, नमुना मिळाला नाही. बराच वेळ मी फाइलच खराब झाली असं समजून बसलो होतो.

कारण असं की, संगणकात ‘पू’ म्हणजे ‘प’ आणि त्यामागे ‘ऊ’काराची खूण, अशी दोन वेगळी चिन्हं साठवलेली असतात. पण विम मात्रेला जोडचिन्ह मानतो आणि अक्षर मात्रेसकट एकच धरतो. नमुना जर मोकळ्या ‘प’वर संपला आणि मजकुरात त्या ‘प’ला मात्रा असेल, तर तो म्हणतो, हे ते अक्षर नव्हे. हे त्याचं मत शाळेतल्या बाराखडीसारखंच आहे: प वेगळा, पा वेगळा, पु वेगळा, पू वेगळा. त्यामुळे इथेही दोन फेऱ्या, एक `नरसिंहपू`ची आणि एक `नरसिंहपु`ची. याच स्वभावाची दुसरी बाजू अशी की नमुन्यातल्या मात्रा मजकुरात सापडल्या, पण वर आणखी एखादी खूण असली, तरी जुळणी होते. म्हणून ‘निरा’ शोधताना देवापुढचं ‘निरांजन’ही प्रश्नाला उभं राहतं. तिथे शांतपणे `n`. देवळाच्या मजकुरात निरांजनं बरीच असतात.

नवा नमुना लिहिला की आधी `gn` लावून मोजा, असं मी शिकवतो ते यासाठीच. आकड्याऐवजी ‘नमुना मिळाला नाही’ असं आलं तर तुमचा नमुना चुकला आहे. मजकूर बिनचूक आहे असं लगेच समजू नये.

कीबोर्डची गंमत सांगायला हवी, कारण पुण्यात एकाने मला फोन करून विचारलं होतं, की विम प्रश्न विचारतो आणि मग मेल्यासारखा पडतो. त्याने मराठी लिहिता लिहिता आज्ञा दिली होती आणि कीबोर्ड मराठीतच राहिला होता. इनस्क्रिप्टमध्ये `y`च्या कळेवर ‘ब’ आहे, `n`वर ‘ल’, `l`वर ‘त’. तो ‘हो, हो’ म्हणत होता आणि विमला ‘ब, ब’ ऐकू येत होतं. ओळखीचं उत्तर मिळेपर्यंत विम तोच प्रश्न विचारत राहतो. नमुना लिहून झाला की एंटर दाबण्याआधी कीबोर्ड इंग्रजीवर आणायचा, एवढंच. टर्मिनलमध्ये देवनागरी कधी कधी सरकलेली दिसते, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर बसते आणि रंगवलेला तुकडा शब्दाच्या मधूनच सुरू झाल्यासारखा वाटतो. तो दिसण्याचा दोष आहे, मजकुराचा नाही. पण ज्याला दिवसभर हो-नाही म्हणायचं आहे, त्याने चांगला फाँट लावून जीविम वापरावा.

आता `c`ची मर्यादा, कारण ती न सांगता ही कळ शिकवणं बरं नव्हे. प्रश्नोत्तर चालू असताना मागे जायची सोय नाही. दीडशेव्या थांब्यावर चुकून `y` गेलं, तर ‘आधीचं परत आण’ असं उत्तर त्या यादीत नाही. फेरी संपल्यावर `u` दाबलं, तर सगळ्या फेरीचे सगळे बदल एकदम परत जातात, दीडशेच्या दीडशे. कारण विमच्या लेखी ती एकच आज्ञा होती. माणूस चुकलेलं एक `y` दुरुस्त करायला `u` दाबतो आणि अर्ध्या तासाचं काम घालवून बसतो. (लगेच कंट्रोल-आर दाबलं तर ते परत येतं, पण घाबरलेला माणूस ते सोडून सगळं दाबतो.) चूक झाली हे कळताच `q` म्हणायचं, ती जागा हाताने नीट करायची, आणि `:.,$&&` देऊन पुढे निघायचं. हे एकदा बोटांत बसलं की भीती जाते.

दुसरी मर्यादा माणसाची. सलग चाळीस वेळा `y` आलं की एक्केचाळीसाव्या वेळी डोळे न पाहताच बोट `y`वर जातं. मोजणीत आकडा दोन-तीनशेच्या वर गेला, तर फाइल तुकड्यांत करा: `:1,200s/…/…/gc`, मग उठून चहा, मग पुढचे. याच थकव्यातून `a` दाबण्याचा मोह होतो. एवढ्या सगळ्या नद्याच निघाल्या, पुढच्याही नद्याच असणार. `a` म्हणजे माझ्या पहिल्या दिवशीची आज्ञा, फक्त उशिरा दिलेली. उरलेला मजकूर तुम्ही आधी यादी काढून पाहिला असेल, तरच ते दाबावं.

लेख वेगवेगळ्या फाइलींत असतील, तर त्या सगळ्या एकदम विमला देऊन

```
:argdo %s/निरा/नीरा/gce | update
```

असं करता येतं. `e`मुळे एखाद्या फाइलीत काहीच सापडलं नाही, तरी आज्ञा अडत नाही. यात `a` दाबलं तरी ते त्या फाइलीपुरतंच असतं, पुढच्या फाइलीत प्रश्न पुन्हा सुरू होतात. `update` मात्र प्रत्येक फाइल तिथल्या तिथे जतन करत जातो, म्हणून आधी मूळ फाइलींची प्रत वेगळी ठेवा.

नीरेचं उदाहरण मी घेतलं ते घरचं म्हणून. पण हे काम गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रभर कार्यालयांत आणि छापखान्यांत आलं आहे. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. जुन्या मजकुरात नावं बदलायची म्हणून कुणी न विचारता आज्ञा दिली, तर बिहारमधला औरंगाबाद जिल्हा मराठवाड्यात येतो. १९५० सालच्या प्रसंगाचं वर्णन करणाऱ्या वाक्यात त्या काळी नसलेलं नाव बसतं. यातल्या प्रत्येक जागी उत्तर वेगळं आहे आणि ते त्या वाक्यातच सापडतं. बिहार आणि १९५० यांच्यात फरक करणारा नमुना लिहिण्यात दिवस घालवण्यापेक्षा `c` लावून तासभर बसलेलं बरं.

‘पण एकदा यादी काढली, की मग हातानेच का बदलू नये?’ असं मला एका जुन्या मुद्रितशोधकाने विचारलं होतं. प्रश्न वाजवी आहे. दहा-बारा जागा असतील तर मीही हातानेच करतो. पण हाताने बदलताना दोन गोष्टी होतात. एक, बदललेलं रूप दर वेळी नव्याने लिहिलं जातं, आणि तिसाव्या वेळी ‘नीरा’चं ‘नीर’ होतं. दोन, आपण शोधता शोधता वाचू लागतो, वाचता वाचता वाक्य सुधारू लागतो, आणि तासाभराने नीरा कुठेच नसते. `c`च्या फेरीत तुमच्याकडून फक्त निर्णय मागितला जातो, अक्षरं विम लिहितो.

गद्य लिहिणाऱ्यांसाठी एक बारीक सूचना, कारण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ती लागत नाही. आपल्याकडे सबंध परिच्छेद ही विमची एक ‘ओळ’ असते. `g` विसरला, तर विम प्रत्येक परिच्छेदातल्या पहिल्याच जागेबद्दल विचारतो आणि बाकीच्या सोडून देतो. प्रश्न विचारले गेले म्हणून आपल्याला काम नीट झाल्यासारखं वाटतं. पुन्हा मोजणी केली की हे उघडं पडतं.

ही पुस्तिका लिहिताना मी मूळ मजकुराची फाइल पुन्हा उघडली, आणि पाचव्या ओळीवर `q` दाबून सोडलेली ती पाटी तशीच होती. ओळखीचे एक गृहस्थ त्या बाजूला जाणार होते. त्यांना म्हटलं, फाट्यावर पाटीवर ‘नि’ आहे की ‘नी’ तेवढं बघा. संध्याकाळी त्यांचा फोन आला. पाटीवर नुसतं ‘नरसिंहपूर’ आहे, नीरा नाहीच. त्या वाक्याला `y`ही लागू नव्हतं आणि `n`ही नाही. मी ओळीवर गेलो आणि `dd` दाबून ती काढून टाकली.